ओळख मसुद्यावर होते

स्ट्रक्चरल डिझाइनमध्ये नव्याने उतरलेल्या मुलामुलींना आमच्या पिढीतली माणसं एक सल्ला हमखास देतात: असोसिएशनच्या समित्यांच्या नादी लागू नका. तिथे सतरंज्या उचलाव्या लागतात, पाहुण्यांना स्टेशनवरून आणावं लागतं, आणि ज्यांना ऑफिसात काम उरलेलं नाही अशीच माणसं तिथे भेटतात. मोठ्यांच्या ओळखी हव्यात ना, मग आधी काम करून दाखवा, ओळखी आपोआप होतील. आमच्या व्यवसायातल्या एका ज्येष्ठांनी, ज्यांच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे, अलीकडेच एका कार्यक्रमात हेच मत ठामपणे मांडलं आणि समोर बसलेल्या नव्या पदवीधरांनी टाळ्या वाजवल्या. मला हा सल्ला चुकीचा वाटतो. तो मानणाऱ्यांची उमेदीची वर्षं वाया जातात, म्हणून त्याचा प्रतिवाद करणं भाग आहे.

आधी ‘काम करून दाखवा’ याबद्दल. कुणाला दाखवायचं? कन्सल्टंटच्या ऑफिसात तीन वर्षं काढलेला इंजिनिअर दिवसभर मॉडेल करतो, सळयांची ड्रॉइंग तपासतो, साइटवरून आलेल्या फोनला उत्तरं देतो. ड्रॉइंगवर सही साहेबांची असते आणि नाव ऑफिसचं. आर्किटेक्टबरोबरच्या मीटिंगला साहेब जातात. दुसऱ्या कन्सल्टंटकडून तपासणी करून घ्यायची असेल तेव्हाही समोरासमोर बसतात ते दोन साहेबच. या मुलाने अवघड ट्रान्सफर बीमचं गणित कितीही नेटकं सोडवलं तरी ते ऑफिसच्या चार भिंतींबाहेर कुणालाच दिसत नाही. काम बोलतं हे खरं, पण ज्याची सही कागदावर जाते त्याचं. ज्याची सही जायला अजून आठ-दहा वर्षं आहेत, त्याला ‘कामच ओळख करून देईल’ असं सांगणं म्हणजे त्याला थांबून राहायला सांगणं आहे.

सतरंज्यांचा आरोप मात्र खोटा नाही, आणि तो मी झटकणार नाही. संघटनेच्या स्वागत समितीत, नोंदणीच्या टेबलावर, स्मरणिकेच्या जाहिराती गोळा करण्यात तरुणांचे तास जातात. तिथे एखादा नामांकित प्राध्यापक भेटतो तो पुष्पगुच्छ देताना किंवा गाडीत, आणि त्याच्या लक्षात राहतो तो एक अदबशीर मुलगा. त्या मुलाला विचार करता येतो का, हे त्याला कळायला वावच नसतो. असं काम कुणीतरी करायला हवं, पण ज्येष्ठांशी व्यावसायिक ओळख व्हावी म्हणून कुणी ते करत असेल तर त्याला मीही ‘नको’ म्हणेन. चूक होते ती पुढे. या एका अनुभवावरून सगळ्या समित्यांना एकच शिक्का मारला जातो. मी एकच कसोटी लावतो: या समितीत तुम्ही जे तयार कराल ते एखाद्या जाणत्या माणसाच्या पेनाखालून जाणार आहे का? जाणार असेल तर ती जागा मागून घ्यावी.

अशी जागा म्हणजे नेमकं काय, हे आमच्याच व्यवसायातल्या एका कामावरून सांगतो. भारतीय मानक ब्यूरो जेव्हा एखादा कोड बदलायला घेतं, तेव्हा मसुदा आधी सर्वांसाठी खुला होतो आणि ठरावीक मुदतीत त्यावर सूचना मागवल्या जातात. कुणीही सूचना पाठवू शकतो, एकटा इंजिनिअरसुद्धा. पण व्यावसायिक संघटना बहुधा आपल्या सभासदांची मतं एकत्र करून संघटनेच्या नावाने एकच तक्ता पाठवतात. त्या तक्त्यात क्लॉजचा क्रमांक, सूचना कुणाची, सूचनेचा प्रकार म्हणजे सर्वसाधारण, तांत्रिक की भाषेची, मग त्यामागचं कारण आणि शेवटी प्रस्तावित बदल असे रकाने असतात. शेवटचे दोन रकाने भरताना भल्याभल्यांची तारांबळ उडते. ‘हे व्यवहार्य नाही’ असं लिहिणं सोपं असतं. कारण काय आणि त्याऐवजी नेमकी कोणती ओळ हवी, हे लिहायला कोड समजलेला असावा लागतो.

भूकंपाच्या वेळी इमारत एकदम न कोसळता वाकत राहावी म्हणून सळया कशा बांधायच्या, हे सांगणारा आयएस १३९२० हा कोड २०१६ मध्ये नव्या रूपात आला. त्याआधीची आवृत्ती १९९३ ची. जुन्या कोडमध्ये कॉलमची लहानात लहान बाजू २०० मिलिमीटर चालत असे. बीमचा गाळा पाच मीटरच्या वर गेला किंवा आधाराविना कॉलमची उंची चार मीटरच्या वर गेली, तरच ३०० लागत. त्यामुळे आपल्याकडे २३० मिलिमीटरचे, म्हणजे नऊ इंची भिंतीत लपून जाणारे कॉलम सर्रास झाले. नव्या मसुद्यात सरसकट दोन अटी होत्या: किमान ३०० मिलिमीटर, आणि त्या जोडातून जाणाऱ्या बीमच्या सर्वांत जाड सळईच्या व्यासाच्या वीसपट. दोन्हींतली मोठी संख्या धरायची. बीममध्ये १६ मिलिमीटरची सळई असेल तर ३२० हवेत, २० ची असेल तर ४००. नऊ इंची भिंतीच्या बाहेर कॉलम डोकावणार, खोलीचे कोपरे खाणार, आर्किटेक्ट आणि बिल्डर दोघेही ओरडणार हे उघड होतं. मुंबई आणि पुणे दोन्ही २०१६ च्या भूकंप नकाशात तिसऱ्या विभागात आहेत, म्हणजे हा कोड इथे पाळायचाच.

आमच्या शहरातल्या संघटनेच्या तांत्रिक समितीत त्या मसुद्यावरच्या सूचना गोळा करायचं काम एका मुलीने मागून घेतलं. एका कन्सल्टंटकडे नोकरीला लागून तिला तीनेक वर्षं झाली होती. सभासदांकडून ईमेलवर आलेल्या बहुतेक सूचना एकाच सुरातल्या होत्या: ‘२३० कायम ठेवावे, ३०० व्यवहार्य नाही.’ तिला त्या तक्त्यात जशाच्या तशा चिकटवून मोकळं होता आलं असतं. पण कारणाचा रकाना रिकामा राहत होता आणि तो रिकामा ठेवून तक्ता पुढे पाठवणं तिला पटेना. मग तिने आयआयटी कानपूरमध्ये सुधीर जैन आणि सी. व्ही. आर. मूर्ती यांनी तयार केलेला त्या कोडचा प्रस्तावित मसुदा आणि त्यावरचं भाष्य शोधून वाचलं, आणि समितीतल्या एका निवृत्त प्राध्यापकांना फोन केला. एरवी त्यांना फोन करण्याचं तिला काही निमित्तच नव्हतं, आणि केला असता तरी बोलायचं काय, हा प्रश्न होताच. आता मात्र हातात तक्ता होता.

“सर, वीसपटीची अट कॉलमच्या कुठल्या बाजूला लावायची? बीमच्या दिशेने असलेल्या, की दोन्ही?”

“तुला काय वाटतं?”

“अट बाँडसाठी असेल तर बीमच्या दिशेच्याच. पण मग तीनशेचं कारण वेगळं असायला हवं.”

“मग ते वेगळं लिही. दोन कारणं एका ओळीत कोंबू नकोस.”

या चार वाक्यांत काय घडलं ते नीट पाहायला हवं. भूकंपात इमारत डोलते तेव्हा कॉलमच्या एका बाजूला बीमची सळई ओढली जाते आणि दुसऱ्या बाजूला तीच सळई दाबली जाते. ओढ आणि दाब दोन्ही तिला एकाच दिशेने सरकवायला बघतात. तिला धरून ठेवतं ते फक्त कॉलमच्या जाडीतलं काँक्रीट. जाडी कमी पडली तर सळई जोडात सरकते आणि जोड सैल होतो. हे झालं वीसपटीचं कारण, आणि ते सळईच्या दिशेच्या जाडीशीच जोडलेलं आहे. तीनशेचं कारण निराळं. कॉलमला दोन्ही बाजूंनी ४० मिलिमीटरचं कव्हर धरलं तर २३० मधून गाभा उरतो १५०, आणि ३०० मधून २२०. मोठ्या हादऱ्यात कव्हर गळून पडतं आणि भार या गाभ्यावर येतो. २३० च्या कॉलमला त्या दिशेने जाडीचा जवळपास दोन तृतीयांशच भाग उरतो, आणि त्या चिंचोळ्या गाभ्यात रिंगांचे वळवलेले हुक, उभ्या सळया आणि काँक्रीट हे सगळं एकत्र बसवायचं असतं. ज्या साइटवर कॉलमचा तळ पोकळ राहिलेला पाहिलाय, तिथे ही दाटी बहुतेक वेळा कारणांपैकी एक असते.

त्या मुलीने दोन कारणं दोन ओळींत लिहिली. पहिल्या ओळीत तिने मागणी केली की वीसपटीची अट बीमच्या सळईला समांतर असलेल्या बाजूला लागते, हे शब्दांत स्पष्ट व्हावं. दुसऱ्या ओळीत तिने सभासदांची २३० ची मागणी नोंदवली, पण तिच्याखाली लिहिलं की या मागणीमागे तांत्रिक कारण मिळालेलं नाही, जागा आणि खर्च हीच कारणं आली आहेत. समितीच्या बैठकीत यावर जोरदार वाद झाला. बिल्डरांसाठी बरीच कामं करणारे काही सभासद नाराज झाले, एकाने ‘हे लिहिणारी कोण?’ असंही विचारलं. ज्यांनी स्वतः २३० च्या कॉलमवर अनेक इमारती उभ्या केल्या होत्या अशा एका ज्येष्ठ कन्सल्टंटनी त्या दुसऱ्या ओळीची बाजू घेतली. शेवटी संघटनेने तीनशेला विरोध केला नाही, दिशा स्पष्ट करा एवढंच मागितलं. २०१६ च्या कोडमध्ये तीनशे आलेच.

या सगळ्यात त्या दोन ज्येष्ठांना तिच्याबद्दल जे कळलं ते कुठल्याही बायोडेटात मावत नाही. ही मुलगी दिलेल्या दिवशी कागद परत देते. जे तपासलेलं नाही तिथे ‘तपासलेलं नाही’ असं लिहिते. बहुमत तिच्या विरोधात असलं तरी नोंद बदलत नाही. चूक दाखवली तर ओळ नव्याने लिहून आणते, नुसती मान डोलावत नाही. कन्सल्टंटला आपल्या ऑफिसात किंवा एखाद्या तपासणीच्या कामात माणूस घेताना नेमकं हेच जाणून घ्यायचं असतं, आणि मुलाखतीत ते कधीच कळत नाही. काही महिन्यांनी त्या कन्सल्टंटकडे एका जुन्या इमारतीची तपासणी आली, तेव्हा त्यांनी आधी तिच्या साहेबांना फोन केला, त्यांची परवानगी घेतली, आणि मोजमापांच्या दिवशी तिला बरोबर नेलं. ही ओळख चहापानात झाली नव्हती. ती एका तक्त्याच्या दोन ओळींवर झाली होती.

आता दुसरा मुद्दा. सुरुवातीला ज्यांचा सल्ला सांगितला त्या ज्येष्ठांनी पर्याय सुचवला होता तो परिषदांचा: मोठ्या परिषदांना जा, व्याख्यान संपल्यावर वक्त्यांना भेटा, स्वतःची ओळख करून द्या. मी स्वतः व्याख्यानं देतो. व्याख्यानानंतर माझ्याभोवती जमणाऱ्या तरुणांना मी आनंदाने भेटतो, त्यांच्या प्रश्नांची उत्तरंही देतो. पण त्या वेळात मला त्यांच्याविषयी काहीच कळत नाही. त्यांना माझ्याविषयी कळतं, मला त्यांच्याविषयी नाही, आणि ओळख म्हणजे दोन्हीकडून कळणं. समितीत हे आपोआप उलटतं. तिथे ज्येष्ठाला तरुणाची गरज असते, कारण मसुद्याची मुदत जवळ येत असते आणि क्लॉजमागून क्लॉज वाचून तक्ता भरायला वेळ फक्त तरुणाकडेच असतो. गरज खरी असल्यामुळे फोन उचलला जातो.

मग तिसरा आक्षेप येतो, आणि तो मला सर्वांत जास्त खटकतो: ओळखीसाठी समितीत जाणं म्हणजे स्वार्थ आहे, सेवेच्या जागी सौदा आणणं आहे. असं म्हणणारे बहुतेक जण ओळखींच्या बाबतीत आधीच श्रीमंत असतात. ज्याचे वडील कन्सल्टंट आहेत त्याला प्राध्यापकांकडे जायला समिती लागत नाही. सोलापूरहून किंवा चंद्रपूरहून पुण्यात आलेल्या, घराण्यात पहिल्यांदाच इंजिनिअर झालेल्या मुलीला मात्र कुठलाच दरवाजा उघडा नसतो. तिने कामाच्या बदल्यात ओळख मिळवली तर त्यात लाजण्यासारखं काय आहे? मसुदा तिच्यामुळे नीट वाचला गेला, संघटनेची सूचना तिच्यामुळे बोथट राहिली नाही. स्वार्थ वाईट ठरतो तो ओळख झाल्यावर काम अर्धवट टाकून दिल्यावर, आणि तसं करणाऱ्याला समितीतले लोक फार लवकर ओळखतात. दोन बैठका हजेरी लावून तिसऱ्या बैठकीला नोकरीची चिठ्ठी मागणारा माणूस पुन्हा बोलावला जात नाही. माझा सल्ला स्पष्ट आहे: एक मसुदा पूर्ण पुढे जाईपर्यंत कुणाकडे काहीही मागू नका.

अडचणी आहेत आणि त्या सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. तांत्रिक समितीतसुद्धा तरुणाला कायमचं इतिवृत्त लिहायला बसवलं जातं. एक-दोन बैठकांपर्यंत ठीक, पण तीन महिने झाले आणि तुमच्या लिखाणावर कुणीही लाल पेन फिरवलेलं नाही, तर तुम्ही लेखनिक झाला आहात हे समजावं आणि एखादं प्रकरण माझ्याकडे द्या असं सरळ सांगावं. याहून वाईट म्हणजे तरुणाने केलेलं काम एखाद्या ज्येष्ठाच्या नावाने पुढे जाणं. यावर उपाय साधा आहे आणि तो पहिल्याच बैठकीत करायचा असतो: कोणती कलमं कुणी वाचली याची नोंद इतिवृत्तात नावानिशी ठेवावी, अशी विनंती करायची. ही विनंती नाकारणारी समिती सोडावी. आणि ऑफिसच्या प्रकल्पातले आकडे, इमारतीचं नाव किंवा चालू डिझाइन समितीच्या तक्त्यात कधीही उदाहरण म्हणून टाकू नये. ते ग्राहकाचं आहे, तुमचं नाही. या एका बाबतीत पाय घसरला तर झालेली चांगली ओळखही उलटी फिरते.

संघटनांचा दोष याहून मोठा आहे. आमच्याकडे बहुतेक बैठका संध्याकाळी आठला, शहराच्या एका टोकाला असतात आणि रात्री दहाच्या पुढे लांबतात. लहान मूल असलेली इंजिनिअर तिथे येत नाही, दूरच्या साइटवरचा मुलगा येत नाही, आणि मग ‘तरुणांना रस नाही’ असा निष्कर्ष निघतो. मसुद्याचं काम सामायिक तक्त्यावर होतं, ते ऑनलाइन करता येतं, आणि एकत्र बसायचंच असेल तर शनिवारी सकाळी बसता येतं. समित्यांपासून तरुणांना दूर राहायला सांगण्याऐवजी त्या ज्येष्ठांनी याविषयी बोलायला हवं होतं, असं मला वाटतं.

संघटनांकडे द्यायला आणखी एक मोठी जागा आहे, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मानक ब्यूरोच्या विषय समित्यांवर, उदाहरणार्थ भूकंप अभियांत्रिकीच्या सीईडी ३९ वर, संस्थांना प्रतिनिधी पाठवता येतात. संस्था एक मुख्य सदस्य सुचवते आणि एक पर्यायी. पर्यायी सदस्याचं नाव पुष्कळदा नुसतं भरायचं म्हणून भरलं जातं, एखाद्या तितक्याच व्यस्त ज्येष्ठाचं. तिथे ज्याने मसुद्यावर सर्वांत जास्त काम केलं त्या तरुणाचं नाव गेलं तर त्याला बैठकीचे कागद मिळतील, मुख्य सदस्याबरोबर बसून प्रत्येक क्लॉजवर मत तयार करावं लागेल, आणि मुख्य सदस्य येऊ शकला नाही त्या दिवशी देशभरातल्या प्राध्यापकांसमोर आणि सरकारी खात्यांतल्या अभियंत्यांसमोर संघटनेची बाजू मांडावी लागेल. तयारी कमी पडली तर ते तिथेच उघड होईल, आणि ती कमी पडू नये म्हणून मुख्य सदस्य त्याच्याबरोबर आधी तासभर बसेल. आमच्या शहरातल्या प्रत्येक संघटनेने पुढच्या नियुक्तीच्या वेळी पस्तिशीच्या आतल्या, तांत्रिक समितीत किमान एक मसुदा पूर्ण वाचलेल्या इंजिनिअरचं नाव पर्यायी सदस्य म्हणून पाठवावं, आणि हा ठराव वार्षिक सभेत मांडायला मी तयार आहे.